व्यवसाय विकताना दिलेली ‘स्पर्धा न करण्याची’ हमी: मुदत आणि हद्द कशी ठरवावी

चालू व्यवसाय विकत घेणारा माणूस यंत्रे, माल आणि जागा यांच्या पलीकडे आणखी एका गोष्टीसाठी पैसे मोजतो. जुने ग्राहक पुन्हा त्याच दारात येतील, ही ती अपेक्षा असते. हिशेबाच्या भाषेत तिला नावलौकिक किंवा गुडविल म्हणतात. विक्रेत्याने पैसे घेऊन दुसऱ्याच महिन्यात शेजारी तसाच व्यवसाय थाटला, तर ती अपेक्षा त्याच्याबरोबर निघून जाते आणि खरेदीदाराच्या हाती केवळ सामान उरते. म्हणून विक्री करारात विक्रेत्याकडून ठरावीक काळ, ठरावीक प्रदेशात, तोच व्यवसाय न करण्याची हमी घेतली जाते. हा लेख अशी हमी पहिल्यांदाच देणाऱ्या किंवा घेणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यात मुख्यतः एकाच प्रश्नाचा विचार केला आहे: ती किती काळाची आणि किती विस्ताराची असावी, म्हणजे न्यायालयात ती टिकेल.

ही हमी नसेल तर काय होते, हे आधी पाहू. इंग्लंडमध्ये १८९६ साली ट्रेगो विरुद्ध हंट या खटल्यात असे ठरले की, नावलौकिक विकलेला माणूस विशेष अट नसेल तर पुन्हा तसाच व्यवसाय सुरू करू शकतो. फक्त आपल्या जुन्या ग्राहकांना स्वतःहून गाठून तो त्यांना आपल्याकडे बोलावू शकत नाही. म्हणजे कायदा खरेदीदाराला थोडे संरक्षण आपणहून देतो, पण ते अपुरे असते, कारण ग्राहक स्वतःच्या मनाने जुन्या माणसाकडे गेला तर त्याला अडवण्याचा मार्ग राहत नाही. ही उणीव हमीने भरून काढायची असते.

दुसऱ्या टोकाला, माणसाच्या उपजीविकेवर बंधन घालणाऱ्या करारांकडे कायदा संशयानेच पाहतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम २७ असे करार मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने निरर्थक, ठरवते आणि नावलौकिकाच्या विक्रीपुरता त्यांना अपवाद करते. त्या अपवादाचे शब्द नीट वाचण्यासारखे आहेत: बंधन ‘विनिर्दिष्ट स्थानिक हद्दीत’ असले पाहिजे, खरेदीदार किंवा त्याच्याकडून नावलौकिक मिळालेला कोणी तेथे तसाच व्यवसाय करत असेल तोपर्यंतच ते चालते, आणि व्यवसायाचे स्वरूप पाहता ती हद्द न्यायालयाला वाजवी वाटली पाहिजे. कॅलिफोर्नियातही मूळ नियम अशा बंधनांच्या विरुद्ध आहे, मात्र व्यवसाय विकणाऱ्याला त्यातून वगळलेले आहे. भाषा आणि देश वेगळे असले तरी तर्क एकच आहे. विकणाऱ्याने मोबदला घेतलेला असतो आणि सौदा बरोबरीच्या माणसांत झालेला असतो, म्हणून नोकरावरील बंधनापेक्षा त्याच्यावरील बंधन अधिक सैल मापाने मोजले जाते. सैल माप म्हणजे माप नाही असे मात्र नव्हे.

पहिली पायरी: नेमके काय विकले, ते लिहून काढा

मुदत आणि हद्द यांची चर्चा सुरू करण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी एका कागदावर विकल्या जाणाऱ्या व्यवसायाचे वर्णन करावे: कोणत्या वस्तू किंवा सेवा, कोणत्या प्रकारच्या ग्राहकांना, कोठून. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण पुढचे सगळे तिच्यावर उभे राहते, कारण हमी विकलेल्या व्यवसायापुरतीच राखता येते. खरेदीदाराचा स्वतःचा आधीपासूनचा व्यवसाय कितीही मोठा असला, तरी त्याचे संरक्षण या हमीने होत नाही.

हा मुद्दा १९२१ साली इंग्लंडमध्ये ब्रिटिश रीइन्फोर्स्ड काँक्रीट कंपनीच्या खटल्यात ठळकपणे पुढे आला. विक्रेत्याचा व्यवसाय रस्त्याच्या काँक्रीटमध्ये घालायच्या एका विशिष्ट प्रकारच्या पोलादी मजबुतीकरणाची विक्री करण्याचा होता आणि तो लहान होता. खरेदीदार मोठा उत्पादक होता. हमी मात्र देशभरात कोणत्याही प्रकारचे रस्ता-मजबुतीकरण बनवण्या-विकण्यावर घातली होती. न्यायालयाने ती टिकू दिली नाही, कारण विकलेल्या छोट्या व्यवसायाला एवढ्या मोठ्या कुंपणाची गरज नव्हती. अलीकडे, २०२२ मध्ये, अमेरिकेतील डेलावेअर राज्यातील न्यायालयानेही एका प्रकरणात हेच सांगितले: खरेदी करणाऱ्या समूहाचे इतर व्यवसाय झाकणारी हमी, विकल्या गेलेल्या उद्योगाच्या नावलौकिकाशी संबंध नसल्यामुळे, अमलात आणण्यास नकार दिला गेला.

उलट, विकण्यासारखा नावलौकिकच नसेल तर हमीला पायाच राहत नाही. व्हँकूवर माल्ट कंपनीच्या १९३४ च्या खटल्यात विक्रेत्याकडे बिअर बनवण्याचा परवाना होता, पण तो प्रत्यक्षात फक्त जपानी पद्धतीचे साके हे मद्य बनवत असे. बिअरच्या व्यवसायाचा नावलौकिक अस्तित्वातच नसल्यामुळे बिअर न बनवण्याची त्याची हमी म्हणजे निव्वळ स्पर्धा न करण्यासाठी दिलेले पैसे ठरली आणि ती शून्य मानली गेली. म्हणून हमीतील प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारावा: हा धंदा विक्रीच्या दिवशी खरोखर चालू होता का? युरोपियन आयोगाच्या मार्गदर्शनात याहून थोडी अधिक सूट आहे. विक्रीच्या वेळी विकासाच्या पुढच्या टप्प्यावर असलेली उत्पादने, तसेच विक्रेत्याने प्रवेशासाठी आधीच गुंतवणूक केलेला प्रदेश यांचा समावेश चालतो. नुसता मनातला बेत पुरेसा नाही.

दुसरी पायरी: हद्द ग्राहकांच्या यादीवरून काढा

येथे एक उदाहरण सविस्तर घेऊ. ते काल्पनिक आहे, पण आकडे अशा व्यवहारांत येतात तसेच ठेवले आहेत. एक व्यवसाय औद्योगिक आणि गृहसंकुलांतील जलशुद्धीकरण संयंत्रांची देखभाल करतो. त्याचे १४० ग्राहक आहेत. बहुतेकांशी वार्षिक देखभाल करार आहे आणि सुटे भाग विकणे हा जोडधंदा आहे. मालक निवृत्त होण्याच्या विचारात नाही. त्याला नवीन संयंत्रांचे आराखडे करून देण्याचे काम सुरू करायचे आहे. खरेदीदाराच्या वकिलांनी पाठवलेल्या मसुद्यात दहा वर्षे, संपूर्ण देश आणि ‘पाण्याशी संबंधित कोणताही व्यवसाय’ असे लिहिले आहे. असे मसुदे बहुधा एखाद्या जुन्या, भल्यामोठ्या सौद्याच्या नमुन्यातून उचललेले असतात आणि तो नमुना कोणत्या व्यवसायासाठी होता, हे कोणी विचारत नाही.

विक्रेत्याने मागील तीन वर्षांची बिले काढावीत आणि प्रत्येक ग्राहकाचे ठिकाण नकाशावर टाकावे. आपल्या उदाहरणात चित्र असे दिसते: ११८ ग्राहक मुख्य कार्यालयापासून ३० किलोमीटरच्या आत आहेत आणि ८४ टक्के उत्पन्न त्यांच्याकडून येते, १७ ग्राहक ७० किलोमीटरवरच्या एका औद्योगिक वसाहतीत आहेत आणि ते १३ टक्के देतात, उरलेले पाच दूरवर विखुरलेले आहेत आणि त्यांचा वाटा तीन टक्क्यांचा आहे. आता देशभराच्या हद्दीचे समर्थन कोणालाही करता येणार नाही. पण ७० किलोमीटर त्रिज्येचे एक मोठे वर्तुळ काढणेही चूक ठरेल, कारण मधल्या पट्ट्यात व्यवसायाचा एकही ग्राहक नाही आणि त्या रिकाम्या भागात विक्रेत्याला रोखून काहीही जपले जात नाही. योग्य हद्द दोन तुकड्यांची आहे: कार्यालयाभोवतीचे वर्तुळ आणि ती औद्योगिक वसाहत. पाच विखुरलेल्या ग्राहकांसाठी प्रदेश वाढवू नये. त्यांची नावे परिशिष्टात देऊन त्यांच्याकडे देखभालीचे काम न मागण्याची वेगळी अट घालणे पुरेसे आहे.

त्रिज्या लिहिताना एक बारीक गोष्ट नेहमी वादाचे कारण होते. ‘३० किलोमीटर’ हे अंतर कोठून मोजायचे आणि रस्त्याने की सरळ रेषेत, हे कलमात सांगितलेले नसते. रस्त्याने ३४ किलोमीटर असलेले गाव सरळ रेषेत २६ किलोमीटरवर असू शकते. याशिवाय, विक्रीनंतर कार्यालय हलले तर हद्दही हलते का, असा प्रश्न निघतो. म्हणून मोजमापाचा बिंदू विक्रीच्या दिवशीचा पत्ता म्हणून पक्का करावा, अंतर सरळ रेषेत असे लिहावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे किलोमीटर सोडून प्रशासकीय विभागांची नावेच द्यावीत. भारतीय कायद्यात हद्द ‘विनिर्दिष्ट’ असावी लागते, म्हणून नावे देणे तेथे विशेष उपयोगी पडते.

हद्द कधीकधी खरोखरच जगाएवढी असू शकते. १८९४ च्या नॉर्डनफेल्ट खटल्यात तोफा आणि दारूगोळा बनवणाऱ्या व्यवसायाच्या विक्रीनंतरची हमी २५ वर्षांची आणि भौगोलिक मर्यादा नसलेली होती, तरी ती टिकली. कारण या व्यवसायाचे ग्राहक जगभरातील सरकारे होती आणि असे ग्राहक मोजकेच असतात. पण त्याच करारात ‘कंपनीच्या कोणत्याही व्यवसायाशी’ स्पर्धा न करण्याचे जे आणखी रुंद वाक्य होते, ते टिकले नाही. हा खटला ‘२५ वर्षेसुद्धा चालतात’ असे सांगण्यासाठी वारंवार उद्धृत होतो. देखभालीचा व्यवसाय विकणाऱ्याला तो आधार दाखवला जात असेल, तर त्याने आपले ग्राहक सरकारे आहेत का, एवढेच विचारावे.

तिसरी पायरी: मुदत ग्राहकाच्या सवयीवरून काढा

मुदतीसाठी विचारायचा प्रश्न असा: ग्राहकाचा विश्वास जुन्या माणसावरून नव्या मालकावर सरकायला किती काळ लागेल? याचे उत्तर करारांच्या नूतनीकरणात दडलेले असते. आपल्या उदाहरणात वार्षिक करार वर्षभर वेगवेगळ्या महिन्यांत संपतात. विक्रीनंतरचे पहिले नूतनीकरण ग्राहक बहुधा जुन्या ओळखीवर करतो, कारण नव्या मालकाचे काम त्याने अजून पुरेसे पाहिलेले नसते. दुसरे नूतनीकरण मात्र नव्या मालकाच्या कामावर होते. म्हणजे दोन वर्षांत विश्वास सरकलेला असतो आणि विक्रेत्याला दोन वर्षांचा आग्रह धरता येतो.

पण १४० पैकी २२ ग्राहकांशी तीन वर्षांचे करार आहेत आणि त्यांतील शेवटचा विक्रीनंतर ३२ महिन्यांनी संपतो. दोन वर्षांनी विक्रेता मोकळा झाला, तर हे ग्राहक पहिल्यांदाच फेरविचार करत असताना जुना, ओळखीचा माणूस दाराशी उभा राहील. त्यामुळे ३६ महिन्यांची मुदत येथे समर्थनीय ठरते: पहिल्या फेरीचे सगळे नूतनीकरण तिच्यात बसते आणि वर चार महिने राहतात. दहा वर्षांना मात्र असा कोणताही आधार सापडत नाही. खरेदीदाराने ‘आम्हाला सुरक्षित वाटेल’ एवढे कारण दिले, तर ते न्यायालयात कारण म्हणून उभे राहत नाही.

या हिशेबाला बाहेरचा एक दाखलाही आहे. कंपन्यांच्या विलीनीकरणाशी जोडलेल्या बंधनांविषयी युरोपियन आयोगाने २००५ साली प्रसिद्ध केलेल्या सूचनेनुसार, नावलौकिक आणि तांत्रिक ज्ञान दोन्ही हस्तांतरित होत असतील तर साधारण तीन वर्षांपर्यंतची हमी समर्थनीय असते आणि फक्त नावलौकिक असेल तर दोन वर्षांपर्यंतची. हे आकडे सगळीकडे कायदा म्हणून लागू नाहीत आणि इंग्लिश किंवा भारतीय न्यायालय त्यांना बांधलेले नाही. पण वाटाघाटीत कोणी दहाचा आकडा टेबलावर ठेवला तर त्याच्याशेजारी ठेवायला ते सोयीचे आहेत. त्याहून जुना दाखला १७११ च्या मिचेल विरुद्ध रेनॉल्ड्स खटल्याचा आहे. त्यात भट्टीची जागा पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने देणाऱ्या पाववाल्याने तेवढीच पाच वर्षे त्याच पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या प्रभागात, पावाचा व्यवसाय न करण्याची हमी दिली होती आणि ती टिकली. मुदत आणि हद्द दोन्ही सौद्याच्या आकाराला जुळत होती, हे त्यातले पाहण्यासारखे.

मुदत कधी सुरू होते, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. विक्रेता विक्रीनंतर एक-दोन वर्षे सल्लागार किंवा व्यवस्थापक म्हणून थांबतो, तेव्हा ‘सेवा संपल्यापासून तीन वर्षे’ असे लिहिण्याचा मोह खरेदीदाराला होतो. त्यामुळे प्रत्यक्ष बंधन चार-पाच वर्षांचे होते आणि त्याहून वाईट म्हणजे हमी नोकरीच्या कराराशी जोडली जाते. नोकरी सुटल्यानंतरची अशी बंधने भारतात सर्वसाधारणपणे शून्य ठरतात आणि इतरत्र फार काटेकोरपणे तपासली जातात. म्हणून हमी विक्री करारातच ठेवावी, ती विक्री पूर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजावी आणि ती नावलौकिकाच्या मोबदल्यात दिली आहे असे स्पष्ट लिहावे. नोकरीच्या करारात तिची नक्कल करू नये.

चौथी पायरी: कोण बांधला जातो आणि काय मोकळे राहते

व्यवसाय कंपनीच्या नावावर असेल आणि हमी फक्त कंपनीने दिली असेल, तर मालक दुसऱ्या दिवशी नवी कंपनी काढू शकतो. म्हणून ज्या माणसांच्या ओळखीवर ग्राहक येतात, त्यांनी स्वतःच्या नावाने सही केली पाहिजे. याउलट, दोन टक्के भागभांडवल असलेल्या आणि विक्रीतून नगण्य रक्कम मिळालेल्या कर्मचाऱ्याकडून मुख्य मालकाइतकीच हमी घेणे धोक्याचे आहे; त्याला ‘विक्रेता’ म्हणावे की ‘नोकर’, हा प्रश्न न्यायालय नक्की विचारेल. नातेवाइकांना सरसकट बांधण्याचाही प्रयत्न होतो, पण सही न केलेल्या माणसाला करार बांधत नाही. त्याऐवजी विक्रेत्याने ‘प्रत्यक्ष किंवा दुसऱ्यामार्फत’ व्यवसाय करणार नाही, असे लिहावे.

मोकळ्या गोष्टी तितक्याच स्पष्टपणे लिहाव्यात. आपल्या उदाहरणात नवीन संयंत्रांचे आराखडे करण्याचे काम विक्रेत्याला हवे आहे आणि विकलेल्या व्यवसायात ते नव्हते, म्हणून कलमातच ते वगळावे. मात्र आराखडा करून दिलेल्या ग्राहकाला तो पुढे देखभालही देऊ लागला तर वाद होईल, त्यामुळे ‘देखभालीचे काम स्वतः किंवा सहयोगी संस्थेमार्फत न घेता’ अशी पुस्ती जोडावी. शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीत केवळ गुंतवणूक म्हणून घेतलेले थोडे समभागही वगळावेत. निव्वळ आर्थिक गुंतवणुकीवर बंदी घालणे युरोपियन आयोगही समर्थनीय मानत नाही.

पाचवी पायरी: कलम तुकड्यांत लिहा

हमीचा एखादा भाग जास्त रुंद निघाला तर न्यायालय काय करते, यावर तिची रचना अवलंबून असते. इंग्लिश परंपरेतील न्यायालये निळ्या पेन्सिलीची उपमा वापरतात: कलमातील काही शब्द खोडता येतात, पण नवे शब्द घालता येत नाहीत. १९१५ च्या गोल्डसोल विरुद्ध गोल्डमन खटल्यात नकली दागिन्यांचा व्यवसाय विकणाऱ्याची हमी अस्सल दागिने आणि परदेशांतील अनेक ठिकाणांनाही लागू केली होती. न्यायालयाने ‘अस्सल’ हा शब्द आणि परदेशी ठिकाणांची नावे खोडली, आणि उरलेली हमी टिकली. हे शक्य झाले, कारण ठिकाणे एकेक करून लिहिलेली होती. ‘दहा वर्षे देशात कोठेही’ या वाक्यातले काहीही खोडले तर मागे अर्थपूर्ण हमी उरत नाही, आणि न्यायाधीश दहाच्या जागी तीन लिहून देतील अशी आशा करू नये. डेलावेअरच्या वर उल्लेखिलेल्या प्रकरणातही न्यायालयाने कलम दुरुस्त करून देण्यास नकार दिला होता. काही जण यावर उपाय म्हणून ‘दहा वर्षे, ते न टिकल्यास सात, ते न टिकल्यास पाच’ अशी उतरंड लिहितात. माझ्या मते ती टाळावी. आपला पहिला आकडा वाजवी नाही हे आपल्यालाच ठाऊक होते, याची ती लेखी कबुली दिसते.

उदाहरणातील सौद्यासाठी कलम साधारण असे होईल:

‘विक्रेता, व्यवसायाच्या नावलौकिकाच्या विक्रीच्या मोबदल्यात, विक्री पूर्ण झाल्याच्या तारखेपासून ३६ महिन्यांपर्यंत, प्रत्यक्ष किंवा दुसऱ्यामार्फत, (क) परिशिष्ट १ मधील विभागांत, आणि (ख) परिशिष्ट २ मधील औद्योगिक वसाहतीत, जलशुद्धीकरण संयंत्रांच्या देखभालीचा किंवा त्यांच्या सुट्या भागांच्या विक्रीचा व्यवसाय करणार नाही, आणि (ग) परिशिष्ट ३ मधील ग्राहकांकडे असे काम मागणार नाही. खरेदीदाराने किंवा त्याच्याकडून नावलौकिक मिळालेल्या व्यक्तीने एखाद्या विभागात असा व्यवसाय बंद केल्यास त्या विभागापुरते हे बंधन संपेल.’

(क), (ख) आणि (ग) वेगवेगळे असल्यामुळे एक पडला तरी दुसरे उभे राहतात. मुदत वेगळी हवी असल्यास प्रत्येक तुकड्याला वेगळी देता येते. ग्राहकांकडे काम न मागण्याची अट सहसा विक्रेत्याला कमी जाचक असते, म्हणून तिला थोडा अधिक काळ देण्यावर दोघे लवकर एकमत होतात. शेवटचे वाक्य खरेदीदारांना आवडत नाही, पण कलम २७ च्या शब्दांशी ते सुसंगत आहे.

सही झाल्यावर भंग कसा ओळखायचा, याची तयारीही विक्रीच्या दिवशीच करावी लागते. नूतनीकरण न करणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला कारण विचारून त्याची तारखेसह नोंद ठेवावी. एकाच महिन्यात परिशिष्टातील तीन-चार ग्राहक गेले आणि त्याच सुमारास जुने दोन तंत्रज्ञ नोकरी सोडून एकाच नव्या संस्थेत रुजू झाले, तर चौकशीला पुरेसे कारण आहे. मनाई हुकमासाठी न्यायालयात जायचे तर उशीर परवडत नाही, कारण माहीत असूनही सहा महिने गप्प राहिलेल्या खरेदीदाराला तातडीचा दिलासा मिळणे कठीण जाते. म्हणून अनेक सौद्यांत किमतीचा एक भाग हमीच्या मुदतीत हप्त्यांनी देण्याचे आणि भंग झाल्यास उरलेले हप्ते थांबवण्याचे ठरते. विक्रेत्याने अशी रचना मान्य करताना भंग झाल्याचे कोण ठरवणार, हे लिहून घ्यावे. ते खरेदीदाराच्या मर्जीवर सोडले, तर शेवटचा हप्ता येण्याच्या सुमारास कोणता तरी संशय हमखास निघतो.